पासपोर्टची अपॉइंटमेंट मिळतच नाही? तारीख कुठे अडली आहे ते आधी शोधा

तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. सातबारा, पॅन, वाहन परवाना सगळंच होतं, पण लोक सगळ्यात जास्त वैतागून येतात ते पासपोर्टच्या अपॉइंटमेंटसाठी. मे-जूनमध्ये तर रोज कुणीतरी हातात मोबाइल धरून दारात उभं असतं. "दादा, रोज बघतोय, एकही तारीख दाखवत नाही. साइट बंद आहे का?"

साइट बहुतेक वेळा चालू असते. तारीख न दिसण्याची कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. आपलं कारण कोणतं हे न बघता रोज रात्री तेच पान उघडून बसलं तर महिना तसाच निघून जातो. म्हणून अपॉइंटमेंट कशी घ्यायची ते आधी सांगतो आणि मग तारीख दिसत नसेल तर काय करायचं त्याकडे येतो. तुमचा अर्ज भरून झाला असला तरी पहिला भाग सोडू नका. अडचणीचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं.

अर्ज भरण्याआधी दहा मिनिटं

खरं संकेतस्थळ एकच, `passportindia.gov.in`. मोबाइलवर `mPassport Seva` हे ॲप आहे. गुगलवर "पासपोर्ट अर्ज" असं शोधलं की हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी पानं वर येतात. ती तुमची माहिती घेतात, पैसे घेतात आणि अपॉइंटमेंट देत नाहीत. पत्त्याच्या शेवटी `gov.in` नसेल तर ते पान बंद करा.

लॉगिन वगैरे करण्याआधी पहिल्या पानावर `Check Appointment Availability` असा दुवा शोधा. त्यासाठी खातं लागत नाही. पासपोर्ट कार्यालय निवडायचं, चित्रातली अक्षरं भरायची, की त्या कार्यालयाखालच्या सगळ्या केंद्रांची यादी येते आणि प्रत्येकापुढे सर्वांत जवळची तारीख दिसते. हे पान फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. माझ्या दुकानात मी पासपोर्टचं काम इथूनच सुरू करतो. अर्ज भरण्याच्या आधी.

कार्यालय आणि केंद्र यांतला फरक इथे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय म्हणजे पासपोर्ट मंजूर करणारं कार्यालय. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यात पणजी इथे अशी कार्यालयं आहेत. आपण कागदपत्रं घेऊन जातो, फोटो काढतो, बोटांचे ठसे देतो ते पासपोर्ट सेवा केंद्र. एका कार्यालयाखाली अशी बरीच केंद्रं असतात. काही मोठी आणि स्वतंत्र असतात, तर काही टपाल कार्यालयात एखाद-दोन टेबलांवर चालणारी. टपाल कार्यालयातली केंद्रं २०१७ पासून सुरू झाली. ती घराजवळ असतात हा त्यांचा मोठा फायदा. पण तिथे दिवसाला मोजकीच माणसं बोलावता येतात, त्यामुळे तारखा संपतातही तिथेच सगळ्यांत आधी.

आता महत्त्वाची गोष्ट. जून २०१८ पासून देशातल्या कोणत्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. तुमचा पत्ता ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतो तेच निवडायला हवं असं बंधन राहिलेलं नाही. पोलीस पडताळणी मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही टपालाने त्याच पत्त्यावर येतो. म्हणजे सावंतवाडीच्या माणसाने पणजीला जाऊन अर्ज दिला तरी चौकशीला पोलीस येणार ते सावंतवाडीच्या घरी. लोकांना वाटतं की दुसरीकडे अर्ज केला तर तिथला भाडेकरार नाहीतर वीजबिल लागेल. तसं काही लागत नाही.

म्हणून यादी बघताना आपल्या कार्यालयाची बघा आणि शेजारच्या एक-दोन कार्यालयांचीही बघा. प्रत्येकाची जवळची तारीख वहीत लिहून घ्या. मगच अर्जाला हात घाला.

अर्ज, पैसे, तारीख

खातं उघडताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्या. मी दुसऱ्यांचे अर्ज भरून देतो, तरी माझा नंबर कधीच टाकत नाही. अपॉइंटमेंटचा एसएमएस, ओटीपी, तारीख बदलल्याचा संदेश, सगळं त्या नंबरवर जातं. एजंटाने आपला नंबर टाकला असेल तर तुमचा अर्ज तुमच्या हातात राहत नाही. पुढे तारीख बदलायची झाली तरी त्याच्याच दारात जावं लागतं.

लॉगिन केल्यावर नवीन पासपोर्ट किंवा जुन्याचं नूतनीकरण यातलं योग्य ते निवडा. अर्जाच्या सुरुवातीलाच पासपोर्ट कार्यालय विचारलं जातं. वहीत जवळची तारीख ज्याच्यापुढे लिहिली आहे, ते कार्यालय इथे निवडायचं. सवयीने आपलं नेहमीचं कार्यालय निवडून पुढे गेलात तर अर्ज त्याच कार्यालयाला बांधला जातो आणि नंतर तारखा दिसतात त्या फक्त त्याच्याच केंद्रांच्या.

अर्ज सादर केला की एआरएन मिळतो, म्हणजे अर्ज संदर्भ क्रमांक. मग `View Saved/Submitted Applications` मध्ये जाऊन तो अर्ज निवडायचा आणि `Pay and Schedule Appointment` दाबायचं. केंद्रांची यादी येते, केंद्र आणि तारीख निवडायची, आणि पैसे भरले की अपॉइंटमेंट पक्की. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला साध्या पद्धतीत १५०० रुपये लागतात. पावती छापून नेली तर उत्तम, पण एसएमएसही चालतो.

पैसे भरताना पान अडकलं आणि खात्यातून रक्कम गेली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. माझ्याकडे गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते, त्यांनी घाबरून एका रात्रीत तीनदा पैसे भरले होते. त्याच अर्जासमोर `Track Payment Status` आहे, ते दाबून बघा. पैसे पोचले असतील तर ते त्या एआरएनवर जमा राहतात आणि पुढच्या वेळी फक्त तारीख घ्यायची उरते. मात्र एका एआरएनवर भरलेलं शुल्क दुसऱ्या एआरएनवर वळवता येत नाही आणि परतही मिळत नाही. म्हणूनच मी कार्यालय आधी ठरवायला सांगतो. चुकीच्या कार्यालयाच्या अर्जावर १५०० रुपये भरून बसलात तर दुसरीकडे जाताना ते सोडून द्यावे लागतात.

तारीखच दिसत नाही: आधी अडचण ओळखा

आता मुख्य प्रश्न. तारीख दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसत नाही हे दोन पानं शेजारी ठेवून कळतं. एका खिडकीत लॉगिन करून तुमच्या अर्जाचं तारीख निवडायचं पान उघडा. दुसऱ्या खिडकीत लॉगिन न करता `Check Appointment Availability` उघडा आणि तेच कार्यालय निवडा.

सार्वजनिक पानावर तारखा आहेत आणि तुमच्या लॉगिनमध्ये मात्र नाहीत, असं दिसलं तर अडचण तुमच्या अर्जात आहे. रात्रभर बसलात तरी ती सुटणार नाही. दोन्हीकडे तारखा नसतील तर त्या कार्यालयाचा कोटा संपला आहे. आणि दोन्हीकडे काही केंद्रांना तारखा आहेत, फक्त तुमच्या जवळच्या केंद्रापुढे नाही, तर प्रश्न त्या एका केंद्राचा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त असतो, आणि सुटायलाही तोच सर्वांत सोपा: तारीख असलेलं दुसरं केंद्र निवडायचं, तेही सोयीचं नसेल तर शेजारचं कार्यालय बघायचं.

अडचण अर्जात असेल तर

पहिलं बघा अर्ज किती जुना आहे ते. ऑनलाइन सादर केल्यापासून ९० दिवसांच्या आत केंद्रावर जावं लागतं. फेब्रुवारीत भरलेला अर्ज जूनमध्ये उघडून तारीख शोधण्यात अर्थ नाही, तो पुन्हा सादर करावा लागतो.

दुसरं, तारीख किती वेळा बदलली आहे. पहिली अपॉइंटमेंट घेतल्यावर वर्षभरात दोनदाच ती बदलता किंवा रद्द करता येते. रद्द करणंसुद्धा या दोनांतच मोजलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाऊस आहे म्हणून एकदा रद्द केली, लग्न निघालं म्हणून एकदा बदलली, की त्या अर्जावर पुढची तारीख मिळत नाही. मग नवीन अर्ज आणि नवीन पैसे.

तिसरं, अर्जाचा प्रकार. साधा, तात्काळ आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट यांचे कोटे वेगवेगळे असतात. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज टपाल कार्यालयातल्या केंद्रांवर घ्यायला २८ सप्टेंबर २०२२ पासून सुरुवात झाली, त्याआधी त्या अर्जासाठी मोठ्याच केंद्रावर जावं लागायचं. म्हणून शेजाऱ्याला एका केंद्रावर तारीख मिळाली आणि मला नाही, असं झालं तर त्याचा अर्ज कोणत्या प्रकारचा होता हे विचारा.

हे तिन्ही ठीक असूनही लॉगिनमध्ये तारीख येत नसेल तर पासपोर्ट सेवेच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, १८००-२५८-१८००. एआरएन हाताशी ठेवा आणि "तारीख मिळत नाही" असं मोघम बोलू नका. "सार्वजनिक पानावर या केंद्राची अमुक तारीख दिसते आहे, माझ्या एआरएनवर दिसत नाही," एवढंच म्हणा. मोघम प्रश्नाला "पुन्हा प्रयत्न करा" हेच उत्तर मिळतं. दोन पानांतली तफावत सांगितली की समोरच्याला अर्ज उघडून बघावा लागतो.

कोटा संपला असेल तर

केंद्रात किती खिडक्या आहेत, किती माणसं कामावर आहेत यावर रोज किती जणांना बोलवायचं ते ठरतं. नव्या दिवसाच्या तारखा ठरलेल्या वेळी एकदम उघडतात आणि गर्दीच्या दिवसांत थोड्याच वेळात संपतात. ही वेळ सगळ्या कार्यालयांची एकच असेल असं धरून चालू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "बरोबर अमुक वाजता उघडते" या संदेशांवर तर मुळीच विसंबू नका, ते कुठल्या कार्यालयाचे आणि कुठल्या वर्षीचे असतात ते कळायला मार्ग नसतो.

वेळ आपणच शोधायची. दोन कामाचे दिवस घ्या. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला सार्वजनिक पान बघा आणि जवळची तारीख वहीत लिहा. घरात दोघं-तिघं असाल तर तास वाटून घ्या. समजा दिवसभर "१२ जून" दिसतंय आणि संध्याकाळी एका तासात ते "१३ जून" झालं, किंवा रिकामी जागा होती तिथे तारीख आली, तर नवा दिवस त्या तासात उघडला. दुसऱ्या दिवशीही त्याच तासात तसंच झालं तर तुम्हाला तुमच्या कार्यालयाची वेळ सापडली. तिसऱ्या दिवशी त्या तासाच्या आधी पंधरा मिनिटं लॉगिन करून, अर्ज निवडून, कार्ड किंवा नेट बँकिंगचे तपशील जवळ ठेवून बसायचं. बराच वेळ काही दाबलं नाही की लॉगिन आपोआप बंद पडतं, म्हणून तासभर आधी उघडून ठेवण्याचा उपयोग नाही.

याशिवाय दिवसभरात लोकांनी रद्द केलेल्या जागा अधूनमधून परत येतात. त्या एक-दोनच असतात. त्यांच्या भरवशावर राहू नये, पण दिसली तर सोडूही नये.

तारीख दूरची मिळत असेल तर घ्यावी का, हे मला नेहमी विचारतात. घ्यावी. सहा आठवड्यांनंतरची तारीख हातात असणं हे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. मग सार्वजनिक पानावर लक्ष ठेवायचं आणि खरोखर जवळची तारीख दिसली तरच `Reschedule Appointment` वापरायचं. चार दिवस अलीकडची मिळते म्हणून एक बदल खर्च करू नका. दोनांतला एक बदल आजारपणासाठी किंवा कागद राहून गेला तर म्हणून शिल्लक ठेवा. आणि जुनी तारीख आधी रद्द करून मग नवी शोधायला कधीही जाऊ नका. गर्दीच्या दिवसांत तशाने दोन्ही जातात.

तात्काळचा मार्ग

तात्काळ पद्धतीत त्याच ३६ पानी पासपोर्टला २००० रुपये जास्त लागतात, म्हणजे एकूण ३५००. ऑनलाइन भरताना साधं शुल्कच जातं, वरचे २००० केंद्रावर भरायचे असतात. तात्काळचा अर्ज असलेल्याला दोन कोट्यांतून तारीख घेता येते. तात्काळचा कोटा संपला असेल तर साध्या कोट्यातली तारीख घेतली तरी अर्ज तात्काळच राहतो, आणि शुल्कही तात्काळचंच लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे बरेच जण तात्काळचा कोटा रिकामा बघून हताश होऊन पान बंद करतात.

पण तात्काळचा मुख्य फायदा तारखेत नाही, पुढच्या वेगात आहे. यात पोलीस पडताळणी बहुधा पासपोर्ट दिल्यानंतर होते, म्हणून पासपोर्ट लवकर निघतो. तुमची अडचण फक्त तारीख मिळण्याची असेल आणि प्रवास तीन-चार महिन्यांवर असेल, तर त्यासाठी २००० रुपये घालू नका, आधी शेजारचं कार्यालय बघा. प्रवास महिन्यावर आला असेल तर मात्र तात्काळ घ्या. तात्काळसाठी यादीतली तीन ओळखपत्रं लागतात, जसं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र. त्या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख जुळायला हवी. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये असतं, पॅनवर नुसतं आद्याक्षर असतं, आणि दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं. हे केंद्राच्या खिडकीवर कळण्यापेक्षा घरीच ताडून बघा, कारण एवढ्या खटपटीने मिळवलेली तारीख तिथे वाया जाते. शिवाय सगळ्या प्रकारच्या अर्जांना तात्काळ मिळत नाही, अर्ज भरतानाच ते तपासून घ्या.

एक अर्ज सुरुवातीपासून

गेल्या उन्हाळ्यात दक्षिण कोकणातलीच एक मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली. परदेशात नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती आणि जूनअखेर पासपोर्ट क्रमांक कळवायचा होता. मे महिन्याचा पहिला आठवडा चालू होता. अर्ज तिने स्वतःच भरला होता आणि नीट भरला होता. जेवणं झाल्यावर रात्री अकराला ती रोज बसायची. तीन आठवडे रोज. वहीत तारखांपुढे "नाही, नाही, नाही" असं लिहिलेलं मला तिने दाखवलं.

मी दोन खिडक्या उघडल्या. सार्वजनिक पानावर तिच्या कार्यालयाखालच्या बऱ्याच केंद्रांना तारखा होत्या, पण जवळात जवळची पाच आठवड्यांनंतरची आणि तीही रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. घराजवळच्या टपाल कार्यालयातल्या केंद्रापुढे काहीच नव्हतं. ती रोज फक्त तेवढी एकच ओळ बघत होती. रात्री अकराला बघणं ही दुसरी चूक होती, कारण दिवसाचा नवा कोटा उघडून तोवर संपलेला असायचा.

मग कार्यालय बदलून गोवा निवडलं. पणजीच्या केंद्रापुढे नऊ दिवसांनंतरची तारीख होती. वडिलांचा पहिला प्रश्न तोच, "पण आपला पत्ता गोव्याचा नाही ना?" त्यांना २०१८ चा नियम समजावून सांगितला. दुसरा प्रश्न जुन्या अर्जाचा होता. त्यावर पैसे भरलेले नव्हते, हे तिचं नशीब. तो तसाच सोडला आणि नवा अर्ज भरला. कार्यालय गोव्याचं, पत्ता घरचाच, पोलीस ठाणं घराच्या हद्दीतलं. तारखेचं पान उघडेपर्यंत नऊऐवजी दहा दिवसांनंतरची तारीख राहिली होती. ती घेतली आणि १५०० रुपये भरले. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

तात्काळ करावं का, याचा विचार केला. पण तिच्या घरची पोलीस पडताळणी वेळेत होईल अशी खात्री होती, कारण ती जन्मापासून त्याच घरात राहते आणि पत्ता सगळीकडे एकच आहे. ज्यांनी वर्षभरात घर बदललं आहे त्यांना मी असा सल्ला दिला नसता. सकाळच्या एसटीने बापलेक पणजीला गेले, दुपारपर्यंत काम उरकलं. पंधरवड्याने पोलीस घरी येऊन गेले आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्पीड पोस्टने पासपोर्ट आला.

काहीच जमलं नाही तर

शेजारची कार्यालयं बघून झाली, वेळ शोधून झाली, तात्काळही जमत नाही, असंही कधी कधी होतं. गर्दीच्या काळात कार्यालयं शनिवारी जादा केंद्रं चालवतात, पासपोर्ट मेळावे घेतात, आणि त्या जागा एकदम उघडतात. त्याची सूचना संकेतस्थळावर आणि त्या कार्यालयाच्या समाजमाध्यमावरच्या अधिकृत खात्यावर येते. आठवड्याच्या शेवटी ती नजरेखालून घाला.

उपचारासाठी परदेशी जायचं आहे किंवा परदेशात जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला आहे, अशी खरी निकड असेल तर प्रादेशिक पासपोर्ट अधिकाऱ्यांकडे लेखी विनंती करता येते. आधी अर्ज ऑनलाइन सादर करून एआरएन घ्यायचा, त्याशिवाय विनंतीला आधार नसतो. मग एका पानाचं पत्र, सोबत रुग्णालयाचं किंवा परदेशातलं कागदपत्र आणि नातं दाखवणारा पुरावा जोडायचा. परवानगी देणं न देणं सर्वस्वी त्यांच्या हातात असतं. लग्नाला जायचं आहे किंवा तिकीट काढून ठेवलं आहे, हे कारण निकडीत बसत नाही. म्हणून पासपोर्ट हातात येण्याआधी तिकीट काढू नका, "तिकीट दाखवलं की तारीख देतात" हा समज चुकीचा आहे.

निकड नाही, पण आठवडेच्या आठवडे एखाद्या केंद्राची तारीख उघडतच नाही, अशी तक्रार असेल तर ती `pgportal.gov.in` वर परराष्ट्र मंत्रालयाच्या नावाने करा. ऑगस्ट २०२४ पासून अशा तक्रारी साधारण २१ दिवसांत निकाली काढायच्या आहेत. तक्रारीत राग लिहू नका, नोंदी लिहा. एआरएन, कार्यालय, केंद्र, कोणत्या दिवशी किती वाजता पान बघितलं आणि काय दिसलं, एवढं पुरे. सोबत तारीख-वेळ दिसेल असे पाच-सहा स्क्रीनशॉट जोडा. दोन दिवस तासातासाला भरलेली ती वही इथे पुन्हा कामाला येते. तिचा फोटोही जोडायला हरकत नाही.

एजंट "हमखास तारीख" देतो म्हणतो, त्याबद्दल शेवटी सांगतो. त्याच्यासाठी वेगळा दरवाजा नाही. तोही तुमच्या नावाने तेच पान उघडतो. खात्याचा पासवर्ड त्याला देऊ नका. दिला असेल तर आजच बदला, आणि लॉगिन करून खात्यातला मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा आहे ते बघून घ्या.